इमर्जन्सी वायरमन-प्लंबरचं कॅप्शन: मानेवाड्यातून कुठपर्यंत, किती वेळात, किती पैशांत

प्रश्न: भाऊ, मी मानेवाड्यात राहतो, वायरमन आहे. मावसभाऊ प्लंबर आहे. दोघं मिळून इमर्जन्सी सर्व्हिस सुरू करून राहिलो. फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲपवर टाकायला कॅप्शन पाहिजे. कुठं कुठं जातो, किती वेळात पोहोचतो अन् पैसे किती लागतात, हे खरं खरं लिहायचं आहे. बाकीचे सगळे ‘संपूर्ण नागपूर, ३० मिनिटांत, ९९ रुपयांपासून’ लिहितात. आपण काय लिहावं?

उत्तर:

तुमचं कॅप्शन वाचणारा माणूस निवांत बसलेला नसतो. घरात अंधार असतो, बोर्डातून जळका वास येत असतो, नाहीतर बाथरूममधलं पाणी हॉलपर्यंत आलेलं असतं. तो मोबाइलवर तीनच गोष्टी शोधतो: हा माणूस माझ्या भागात येतो का, कधी येईल आणि किती घेईल. ही तीन उत्तरं पहिल्या दोन ओळींत सापडली तर तो फोन लावतो. नाही सापडली तर पुढच्या नंबरवर जातो. ‘दर्जेदार सेवा’, ‘अनुभवी टीम’, ‘ग्राहकांचे समाधान’ हे सगळं त्या वेळी त्याच्या काही कामाचं नसतं. म्हणून आधी हे तीन आकडे नीट काढू, शब्द नंतर बसवू.

भागापासून सुरुवात करतो, कारण वेळ आणि पैसा दोन्ही त्यावरच ठरतात. नागपूर मोठं आहे. मानेवाड्यातून जरीपटका, कोराडी रोड किंवा वाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन माणसांनी, दोन गाड्यांवर, एवढ्या शहराला इमर्जन्सी देणं होत नाही. पण नुसतं अंतर मोजूनही चालत नाही. तुमच्या भागाची खरी सीमा वर्धेकडे जाणारी रेल्वेलाइन आहे. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, ओंकारनगर, नरेंद्रनगर, मनीषनगर हे सगळं लाइनच्या तुमच्या बाजूला आहे. खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, वर्धा रोड पलीकडे. नकाशावर ओंकारनगर आणि छत्रपती चौक जवळजवळ दिसतात, पण मध्ये नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा रस्ता आहे, आणि जोराचा पाऊस झाला की तिथं पाणी साचतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. नेमक्या त्याच पावसात तुमचे फोन सर्वांत जास्त वाजणार आहेत. तेव्हा पलीकडे जायचं तर लांबून वळसा, आणि तिथंही सगळी गर्दी एकवटलेली.

म्हणून तीन पट्टे करा. पहिला पट्टा लाइनच्या अलीकडचा आणि जवळचा: मानेवाडा, म्हाळगीनगर, हुडकेश्वर, अयोध्यानगर, उदयनगर, ओंकारनगर, नरेंद्रनगर, बेसा, मनीषनगर, दिघोरी. दुसरा पट्टा जिथं जाता पण वेळ जास्त लागतो: सक्करदरा, नंदनवन, मेडिकल चौक, अजनी, महाल, आणि लाइनपलीकडचे खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, छत्रपती चौक. तिसरा पट्टा म्हणजे जिथं इमर्जन्सीला जात नाही, तोही लिहायचा. ‘जरीपटका, कोराडी रोड, वाडी, हिंगणा, कामठी इकडे आमची इमर्जन्सी नाही’ ही ओळ लिहायला जीव होत नाही, मला कळतं. पण तिनं दोन गोष्टी होतात. वाडीचा माणूस तुमची वाट पाहत दीड तास अंधारात बसत नाही. आणि बेसाच्या माणसाचा तुमच्या वेळेवर विश्वास बसतो, कारण जो कुठं जात नाही हे सांगतो, तो जिथं जातो तिथं पोहोचत असेल असं वाटतं. महालाबद्दल एक लक्षात ठेवा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारी-महालात गाडी घालणं शक्य नसतं. त्या दिवशी स्टेटसवर तसं टाकून मोकळं व्हायचं.

वस्त्यांची नावं लोक जशी बोलतात तशीच लिहा. ‘दक्षिण नागपूर’ असं कोणी शोधत नाही. माणूस ‘बेसा प्लंबर’, ‘मनीषनगर इलेक्ट्रिशियन’ असंच टाइप करतो.

आता वेळ. लोक वेळ अंदाजाने लिहितात आणि अंदाज नेहमी चांगल्या दिवसाचा असतो. तुम्ही आत्तापर्यंत ओळखीच्यांकडे धावून जातच असाल. मोबाइलमधले ते जुने कॉल काढा. फोन कधी आला आणि दारात कधी पोहोचलात हे आठवत नसेल तर पुढचे काही आठवडे एक शिस्त पाळा: दारात उभं राहिलात की गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर ‘पोहोचलो’ एवढाच मेसेज टाका. कॉलची वेळ आणि मेसेजची वेळ, दोन्ही मोबाइलमध्ये आपोआप राहतात.

समजा जवळच्या पट्ट्यातल्या दहा कॉलच्या वेळा चढत्या क्रमाने अशा निघाल्या: १८, २०, २२, २४, २५, २७, ३१, ३४, ३८ आणि ५५ मिनिटं. सरासरी काढली तर साधारण २९ येते, म्हणून लोक ‘३० मिनिटांत’ लिहून टाकतात. पण नीट पाहा, दहापैकी चौघांकडे तुम्ही ३० मिनिटांनंतर पोहोचलात. म्हणजे दर दहात चौघांना तुम्ही खोटे वाटलात, आणि हे चौघेच चार ठिकाणी बोलणार. तिथं ‘४० मिनिटांत’ लिहिलं असतं तर नऊ जण खूश असते आणि एकाला फोन करून माफी मागता आली असती. सरासरी कधीच लिहायची नाही. दहापैकी नऊ वेळा जी जमते ती वेळ लिहायची. दुसऱ्या पट्ट्याची वेगळी यादी करा. तिथं बहुधा ७०-७५ मिनिटांच्या आसपास काहीतरी येईल, पण तुमचे आकडे तुमचेच असू द्या.

ही वेळ कशाकशाची बनते तेही समजून घ्या, म्हणजे ती कुठं वाढते ते कळेल. गाडीवरचा प्रवास त्यातला अर्धाच असतो. हातातलं काम सोडण्याजोग्या टप्प्यावर आणायला वेळ जातो, कारण एखाद्याचा बोर्ड उघडा टाकून निघता येत नाही. बेसा-हुडकेश्वरकडच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट नंबर शोधण्यात दहा-दहा मिनिटं जातात. तिथं फोनवरच लोकेशन मागा आणि ‘कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च घेऊन उभं राहा’ असं सांगा. तुम्ही दोघंच आहात, म्हणजे दोन वायरिंगचे कॉल एकदम आले तर दुसऱ्याला थांबावं लागणारच. हे कॅप्शनमध्ये सरळ लिहा: ‘दोघंच आहोत. कामात असलो तर नेमकी वेळ फोनवर सांगतो, मग तुम्ही ठरवा.’

‘२४ तास’ हा शब्दही जपून. दिवसभर काम करून रोज पहाटे तीनला उठणं दोन माणसांना महिनाभरही झेपत नाही, आणि झोपेत लाइनवर हात घालणं जिवावर बेतू शकतं. माझं मत असं की सकाळी ७ ते रात्री ११ सगळी कामं घ्या. रात्री ११ नंतर फक्त धोक्याची कामं: शॉक लागतोय, ठिणग्या किंवा जळका वास येतोय, पाणी थांबतच नाही. पंखा चालत नाही, गीझर तापत नाही, नळ ठिबकतोय हे सकाळी. असं लिहिलं की रात्री येणारे कॉल कमी होतात आणि जे येतात ते बहुधा खरे असतात.

पैशाकडे येतो. इथंच सगळ्यात जास्त अविश्वास आहे. ९९ रुपयांपासून म्हणजे ९९ मध्ये दार उघडायचं आणि आत गेल्यावर बाराशे सांगायचे, हे आता गिऱ्हाइकालाही कळतं. तुम्ही पैसे तीन भागांत सांगा आणि तिन्ही वेगळे ठेवा: व्हिजिट, मजुरी, सामान.

व्हिजिट म्हणजे येणं आणि बिघाड शोधणं, इतकंच. ती किती ठेवायची ते शेजाऱ्याकडे पाहून ठरवू नका, हिशोब करा. समजा दिवसाला ८ तासांत तुमचे १२०० रुपये पडतात, म्हणजे तासाला १५०. जवळच्या पट्ट्यात जाणं-येणं आणि तपासणी मिळून सव्वा तास गेला तर साधारण १९०. पेट्रोल २५ च्या आसपास. वर टेस्टर, मीटर, गाडीची झीज, फोन. २५० च्या खाली तुम्हाला परवडत नाही, आणि न परवडणारा दर लिहिला की तो कुठून तरी वसूल करायची इच्छा होतेच. रात्रीच्या कॉलनंतर दुसऱ्या दिवशीचं काम तास-सव्वा तास उशिरा सुरू होतं, त्याचे २०० धरा. म्हणजे रात्री ४५०. दुसऱ्या पट्ट्यासाठी दोन्हींत १०० वाढवा. तुमचे आकडे वेगळे येतील, पण असे हिशोबातून आलेले असले की कोणी ‘एवढे का?’ विचारलं तर अडखळायला होत नाही.

‘काम केलं तर व्हिजिट माफ’ असं पुष्कळ जण लिहितात. मी तसं लिहू नये असंच सांगेन. माफ केलेली व्हिजिट मजुरीत मिसळावी लागते, मग १५० ची मजुरी ४०० दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं लुटलं. शिवाय व्हिजिट माफ व्हावी म्हणून नको ते काम काढायचा मोह होतो. वेगळी ठेवा. काम नको म्हटलं तर व्हिजिट घ्या, नमस्कार करून निघा.

मजुरी काम सुरू करण्याआधी सांगायची, आणि तोंडी सांगून भागत नाही. गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, त्यानं ‘ठीक आहे’ लिहिलं की स्क्रू खोला. सामान छापील किमतीत. ते स्वतः आणत असतील तर आणू द्या. काढलेला जुना भाग त्यांच्या हातात द्या, तुम्ही खरंच बदलला याचा तोच पुरावा असतो. आणि जीएसटीची नोंदणी नसेल तर ‘जीएसटी वेगळा’ असं लिहू नका. नोंदणी नसताना तो घेताच येत नाही.

एक काम उदाहरणादाखल पुरतं लावून बघू. मे महिना, रात्री ११.२०, बेसातून फोन. ‘लाइट कमी-जास्त होते अन् मेन बोर्डातून जळका वास येऊन राहिला.’ पहिला प्रश्न तुमचा: शेजारी लाइट बरोबर आहे का? शेजारी पण कमी-जास्त होत असेल तर बिघाड खांबावरचा, बहुधा न्यूट्रल सुटलेला. तसं असेल तर काही घरांत व्होल्टेज भलतंच वाढतं, बल्ब लख्ख पेटतात, पंखे जोरात फिरतात आणि टीव्ही-फ्रिज जळतात. तेव्हा मेन बंद करायला सांगा आणि महावितरणला १९१२ वर कळवायला सांगा. तुम्ही जायचंच नाही, व्हिजिट घ्यायचीच नाही. इथं शेजारी ठीक आहे, म्हणजे बिघाड घरातला. मेन बंद करायला सांगून तुम्ही निघता. ११.५५ ला दारात. बोर्ड उघडल्यावर दिसतं की मेनच्या डबल पोल एमसीबीचा न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता. ढिल्या जोडावर गरमी होते, उन्हाळ्यात एसी आणि कूलर एकदम चालल्यावर ती वाढत गेली, वायरचं टोक काळं पडलं आणि एमसीबीचं प्लास्टिकही वितळलं.

आता फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि लिहून टाकायचं: जळालेलं टोक कापून नवा जोड आणि एमसीबी बदलणं, मजुरी ३००, एमसीबी छापील किमतीत, समजा ६५०, व्हिजिट ४५०, एकूण १४००. त्यांनी होकार दिला, काम झालं. पण तपासताना एक गोष्ट आणखी दिसली. दीड टनाचा एसी दीड स्क्वेअर एमएमच्या जुन्या वायरवर, पंख्या-लाइटच्याच लाइनीतून चालवला आहे. ते रात्री दुरुस्त होण्याजोगं नाही. तिथं स्पष्ट सांगायचं, ‘आज एसी लावू नका, फक्त कूलर-पंख्यावर काढा. एसीला जाड वायरची वेगळी लाइन ओढावी लागेल, तिचा अंदाज उद्या उजेडात देतो, दिवसाच्या दराने.’ घाबरवून रात्रीच मोठं काम गळ्यात मारायचं नाही.

ह्या उदाहरणात कॅप्शनची सगळ्यात महत्त्वाची ओळ दडलेली आहे: रात्री आम्ही धोका थांबवतो, कायमची दुरुस्ती दिवसा. प्लंबिंगला तर हे जास्तच लागू आहे. भिंतीतली पाइप फुटली तर रात्री तुमचा भाऊ ती लाइन बंद करून, टोकाला एंड प्लग लावून बाकी घराचं पाणी चालू करून देऊ शकतो. टाइल फोडणं, पाइप बदलणं, परत टाइल बसवणं हे दुसऱ्या दिवसाचं काम आहे, आणि त्याचा खर्च फोडल्याशिवाय कोणी खरा सांगू शकत नाही. रात्री हार्डवेअरची दुकानंही बंद असतात. झोळीत अर्धा आणि पाऊण इंची एंड प्लग, अँगल कॉक, बॉल कॉक, टेफ्लॉन टेप, दोन-तीन मापांचे एमसीबी, टेप, लग्स इतकं नेहमी असेल तर बहुतेक घरांत सकाळपर्यंतची सोय लागते. गिऱ्हाइकाला रात्री अर्धवट दुरुस्ती झाली असं वाटू नये म्हणून ते आधीच लिहिलेलं बरं.

मीटरबद्दलही एक ओळ हवीच. सर्व्हिस वायर आणि मीटर महावितरणचं, त्यांच्या सीलला हात लावायचा नाही. रस्त्यावरचं चेंबर तुंबलं तर ते महापालिकेचं काम. ‘भाऊ, तुम्हीच करून द्या न, वर पैसे घ्या’ असं लोक म्हणतात. नाही म्हणा. तुमचा परवाना त्यात जातो. आणि हो, तारतंत्री परवान्याचा नंबर कॅप्शनमध्ये लिहा. फार कमी जण लिहितात, आणि सोसायटीचे सेक्रेटरी तोच आधी बघतात.

आता हे सगळं बसवलेलं कॅप्शन. आकडे वरच्या हिशोबाचे आहेत, तुमचे टाका.

मानेवाडा, बेसा, मनीषनगर भागात इमर्जन्सी वायरमन आणि प्लंबर. ४० मिनिटांत दारात. व्हिजिट दिवसा २५०, रात्री ४५०.

आधी हे करा: शॉक किंवा जळका वास असेल तर कोरड्या हाताने मेन बंद करा. पाणी थांबत नसेल तर टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. शेजारीही लाइट गेली असेल तर महावितरण १९१२, आम्हाला फोन करून पैसे घालवू नका.

४० मिनिटांत: मानेवाडा, म्हाळगीनगर, हुडकेश्वर, अयोध्यानगर, उदयनगर, ओंकारनगर, नरेंद्रनगर, बेसा, मनीषनगर, दिघोरी.
७५ मिनिटांत, व्हिजिट १०० रुपये जास्त: सक्करदरा, नंदनवन, मेडिकल चौक, अजनी, महाल, खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, छत्रपती चौक. जोराच्या पावसात रेल्वेलाइनच्या पलीकडची वेळ फोनवरच सांगू.
जरीपटका, कोराडी रोड, वाडी, हिंगणा, कामठी इकडे इमर्जन्सीला येत नाही.

सकाळी ७ ते रात्री ११ सगळी कामं. ११ नंतर फक्त शॉक, ठिणग्या, जळका वास किंवा न थांबणारं पाणी. रात्रीचा दर ११ ते सकाळी ७. दोघंच आहोत, कामात असलो तर खरी वेळ सांगतो.

व्हिजिटमध्ये येणं आणि बिघाड शोधणं. मजुरी काम सुरू करण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून देतो, तुम्ही हो म्हटल्यावरच काम. सामान छापील किमतीत, जुना भाग तुमच्याकडे. काम नको असेल तर फक्त व्हिजिट.
उदाहरण: बेसा, रात्री, जळालेला मेन एमसीबी बदलला. व्हिजिट ४५०, मजुरी ३००, एमसीबी ६५०, एकूण १४००.
रात्री धोका थांबवतो, कायमची दुरुस्ती दिवसा, दिवसाच्या दराने.
मीटर आणि सीलला हात लावत नाही. तारतंत्री परवाना क्र. ______
फोन: ______

यातलं उदाहरण तुम्ही स्वतः केलेल्या कामाचं टाका, वरचं माझं तसंच उचलू नका. फोटो टाकताना घर नंबर, नावाची पाटी, माणसाचा चेहरा येऊ देऊ नका. बोर्डाचा जळालेला भाग आणि नंतरचा साफ जोड, इतकं पुरे.

पहिली ओळ मी मुद्दाम तेवढीच ठेवली आहे. इन्स्टाग्रामवर सुमारे १२५ अक्षरांनंतर कॅप्शन कापलं जातं आणि बाकीचं दाबल्याशिवाय दिसत नाही. भाग, वेळ, पैसे हे तिन्ही त्या तुकड्यात मावले पाहिजेत. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबली जात नाही, म्हणून प्रोफाइलमध्ये `wa.me/91` आणि पुढे तुमचा दहा आकडी नंबर अशी लिंक ठेवा. ती दाबली की सरळ तुमचं चॅट उघडतं. व्हॉट्सॲप स्टेटसला एवढं लांब कोणी वाचत नाही. तिथं पहिली ओळ, ‘आधी हे करा’ची ओळ आणि नंबर, बस. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र पूर्ण टाका, कारण तिथं लोक ते जपून ठेवतात आणि चार महिन्यांनी शोधतात.

गुगलवरच्या बिझनेस प्रोफाइलची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथल्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात दर व ऑफर यांवर भर दिलेला गुगलला चालत नाही. म्हणून वर्णनात काम, वेळा आणि परवाना लिहा, दर सेवांच्या यादीत प्रत्येक सेवेपुढे टाका. सेवेचे भाग जास्तीत जास्त २० देता येतात. वरच्या दोन पट्ट्यांची नावं त्यात बसतात. दुकान नसेल, घरूनच निघत असाल तर पत्ता लपवून फक्त भाग दाखवायची सोय आहे, ती वापरा. नाहीतर रात्री लोक घराशी येऊन दार वाजवतात.

ऋतूप्रमाणे एकच ओळ बदलायची, बाकी कॅप्शन तेच. एप्रिल-मे मध्ये ‘आधी हे करा’च्या जागी कूलर आणा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून दरवर्षी जीव जातात. लोखंडी बॉडी, पाण्यात बुडालेला पंप, त्याचं इन्सुलेशन फाटलेलं आणि अर्थिंग नाही, असं सगळं एकत्र आलं की ओल्या फरशीवर उभ्या माणसाला वाचायला जागा राहत नाही. तिथं असं लिहा: ‘कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. बॉडीला मुंग्या आल्यासारखं लागत असेल तर कूलर बंद ठेवा आणि फोन करा.’ आणि तपासणीला गेलात तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का पाहा. तो नसेल तर नुसत्या एमसीबीवर माणूस वाचत नाही हे घरच्यांना समजावून सांगा, विकायची घाई न करता.

पावसाळ्यात तीच जागा पाण्याला द्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासून लोक ऐकतात: पाणी बोर्डापर्यंत चढायच्या आत मेन बंद करा. पाणी चढलेलं असेल तर पाण्यात उभं राहून मेनला हात लावू नका, महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा बंद करवा. पाणी उतरल्यावर बोर्ड आणि प्लग पॉइंट वाळवून, मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय लाइट चालू करायची नाही, आणि ह्या कामाला ४० मिनिटांचं वचन लागू नाही हेही लिहा. तेव्हा एका गल्लीतून वीस फोन येतात. पहिल्याला दिलेली वेळ विसाव्याला देता येत नाही.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. कॅप्शनच्या खाली दर कधीपासून कधीपर्यंतचे ते लिहा, जसं ‘हे दर १ मे ते ३० सप्टेंबर’. ग्रुपवर टाकलेला मजकूर पुढे फिरत राहतो, तुम्ही दर वाढवले तरी जुना मेसेज कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतोच. तारीख असेल तर तोच वाचून विचारतो, ‘आता किती घेता?’ तारीख संपायच्या आत कोणी जुन्या दराने बोलावलं आणि तुम्ही मधेच वाढवलेला असेल, तर त्याला जुनाच लावा.